एका कॅमेऱ्यावर ४६ जागांचा दिवसभराचा हिशेब

प्रकरण एका उघड्या वाहनतळाचे आहे. आखलेल्या जागा ४६, रांगा चार. इमारतीच्या भिंतीवर ९ मीटर उंचीवर एकच कॅमेरा बसवला आहे, तोंड पूर्वेकडे, लेन्स रुंद म्हणजे आडवा कोन सुमारे १०० अंश, चित्र १९२० × १०८०. मागणी दोन गोष्टींची होती: दारावरच्या फलकावर या क्षणी किती जागा मोकळ्या आहेत ते दिसावे, आणि सकाळी ७ ते रात्री ८ या १३ तासांत तळ किती भरलेला होता याचा आकडा रोज मिळावा. ऐकताना दोन्ही एकच काम वाटते. प्रत्यक्षात एकाच चुकीची किंमत या दोन आकड्यांमध्ये फार वेगवेगळी पडते. त्याकडे शेवटी येऊ, कारण त्याआधी चुका कुठून येतात ते पाहायला हवे.

जागेची मांडणी अशी. कॅमेऱ्याच्या पायथ्यापासून १० ते १५ मीटरवर क रांग, मग ६ मीटरचा रस्ता, २१ ते २६ मीटरवर ख आणि तिला चिकटून २६ ते ३१ मीटरवर ग, पुन्हा ६ मीटरचा रस्ता, आणि ३७ ते ४२ मीटरवर कुंपणालगत घ. क, ख, ग या रांगांत बारा-बारा जागा आणि घ मध्ये दहा. प्रत्येक जागा २.५ × ५ मीटर. चित्रात क रांगेतली जागा सुमारे १३० पिक्सेल रुंद दिसते आणि घ मधली जेमतेम ५०. पन्नास पिक्सेल गाडी आहे की नाही हे ओळखायला पुरतात, त्यामुळे घ रांगेची चिंता नव्हती. खरी डोकेदुखी ग रांगेची, आणि ती अंतरामुळे नाही.

गाडीला उंची असते आणि कॅमेरा तिरका पाहतो, म्हणून प्रत्येक गाडी आपल्या मागची काही जमीन झाकते. किती झाकते ते साध्या त्रिकोणाने काढता येते. कॅमेऱ्याची उंची H, गाडीची उंची h, आणि गाडीच्या मागच्या टोकाचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर d असेल, तर जमीन पुढच्या अंतरापर्यंत दिसत नाही:

```
x = d * H / (H - h)
```

ख मध्ये उभ्या असलेल्या दीड मीटर उंच गाडीचे मागचे टोक २५.५ मीटरवर येते. हिशेब केला तर x = २५.५ × ९ ÷ ७.५ = ३०.६ मीटर. ग रांग २६ ते ३१ मीटरवर आहे. म्हणजे ख मधली एक साधी गाडी तिच्या पाठच्या जागेची जमीन जवळपास पूर्ण झाकते. गाडी १.८ मीटर उंच असेल तर x जवळपास ३२ मीटर होतो आणि ग मधल्या जागेची एक वीतही दिसत नाही. हाच हिशेब क आणि ग मधल्या गाड्यांसाठी केला की चित्र एकदम निवळते. क मधली गाडी १७.४ मीटरपर्यंत झाकते, तिथे रस्ता आहे. ग मधली गाडी ३६.६ मीटरपर्यंत झाकते, तिथेही रस्ताच आहे आणि घ चाळीस सेंटीमीटरने वाचते. थोडक्यात, पाठीला पाठ लावलेल्या जोडरांगांतली मागची रांगच या कॅमेऱ्याची कमकुवत बाजू आहे. कॅमेरा बसवण्याआधी कागदावर हे चार गुणाकार-भागाकार करावेत. नंतर कॅमेरा उंच करणे महागात पडते.

जमीन दिसत नाही म्हणजे गाडीही दिसत नाही असे मात्र नाही. ख मधल्या दीड मीटरच्या गाडीवरून जाणारी दृष्टिरेषा ग च्या मध्यावर, म्हणजे २८.५ मीटरवर, जमिनीपासून ०.६ मीटर उंचीवर असते. तिथे गाडी उभी असेल तर ०.६ मीटरच्या वरचा भाग, म्हणजे काचा आणि छत, व्यवस्थित दिसतो. म्हणून जागांच्या चौकटी आखताना पांढऱ्या रेषांवर बोट ठेवून चौकोन काढायचा मोह टाळला पाहिजे. रेषा जमिनीवर आहेत, गाडी जमिनीच्या वर आहे. चौकटीची वरची कड गाडीच्या उंचीइतकी वर न्यावी लागते. या चित्रात ती क रांगेत सुमारे ७० पिक्सेल आणि घ रांगेत २५ ते ३० पिक्सेल वर गेली. ग रांगेच्या चौकटीची खालची कडही वर उचलली, कारण खालच्या पट्ट्यात ख मधल्या गाडीचे छत येते आणि जागा भरलेली की रिकामी हे ओळखणारे मॉडेल तेच ग ची गाडी समजून बसते. चित्राच्या डाव्या-उजव्या टोकाला गाड्या बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसतात, म्हणून तिथल्या चौकटींची वरची कड बाहेर सरकवली. तसे केले नाही तर टोकाच्या रिकाम्या जागेत आतल्या शेजाऱ्याची गाडी शिरलेली दिसते.

चौकटी आखून झाल्या की प्रत्येक चौकटीचा तुकडा कापून घ्यायचा आणि तो भरलेला की रिकामा एवढेच विचारायचे. या कामाला तीन वाटा नेहमी सुचवल्या जातात. पहिली, काळे-पांढरे करून चौकटीतल्या कडांचे पिक्सेल मोजायचे. ढगाळ दिवशी हे छान चालते आणि ऊन पडले की सावल्यांच्या कडा मोजू लागते. दुसरी, पार्श्वभूमी वजा करायची, `MOG2` वगैरे. ही इथे मुळातच चुकीची आहे, कारण ही पद्धत जे स्थिर राहते त्याला हळूहळू पार्श्वभूमीत जमा करते आणि उभी गाडी स्थिरच असते. ठरलेल्या मूल्यांवर ती शेवटच्या ५०० फ्रेम्सचा इतिहास धरते. दुपारपर्यंत सकाळी आलेल्या सगळ्या गाड्या डांबराचा भाग होतात आणि गाडी निघून गेली की तिथे 'काहीतरी आले' असा निकाल येतो. तिसरी, तुकड्यावर लहान न्यूरल नेटवर्क चालवायचे. आपण ही घेतली.

नेटवर्कला सुरुवातीचे शिक्षण द्यायला खुले चित्रसंच आहेत. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या `PKLot` मध्ये वाहनतळांची १२,४१७ छायाचित्रे आहेत, आणि ऊन, ढग, पाऊस अशी हवामानाची विभागणी केलेली आहे. त्यावर शिकलेले मॉडेल क आणि घ रांगांवर पहिल्याच दिवशी नीट चालते. ग वर चालत नाही, कारण ग ची रिकामी जागा दोन रूपांत दिसते. ख रिकामी असताना ग च्या चौकटीत ग चे डांबर दिसते. ख भरलेली असताना त्याच चौकटीत खाली एका छताची किनार आणि वर थेट पलीकडचा रस्ता दिसतो. अशी 'रिकामी जागा' कोणत्याही तयार संचात शोधून मिळणे कठीण, म्हणून आपली उदाहरणे आपणच गोळा करायची. ख आणि ग च्या भरलेली-रिकामी अशा चारही जोड्या त्यात आल्या पाहिजेत. दुपारी तळ भरलेला असताना चित्रे घेतली तर 'ख भरलेली, ग रिकामी' ही जोडी मिळतच नाही. ती संध्याकाळी, तळ अर्धवट रिकामा होताना मिळते.

चाळीस फ्रेम्स निवडल्या, म्हणजे ४० × ४६ = १,८४० तुकडे. सगळे हाताने भरलेले-रिकामे असे खुणावले. फ्रेम्स पाच वेगवेगळ्या दिवसांच्या आणि प्रत्येक दिवसाच्या आठ वेगवेगळ्या वेळांच्या होत्या. इथे एक चूक इतक्या ठिकाणी होते की थांबून सांगायला हवे. शिकवण्याचे आणि तपासणीचे तुकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिसळून वेगळे केले, तर एकच गाडी, एकाच जागी, एकाच दिवशी सकाळी नऊला शिकवणीत आणि अकराला तपासणीत येते. मॉडेलने ती गाडी पाठ केलेली असते. कागदावर अचूकता शंभराला भिडते आणि पुढच्या आठवड्यात फलक भलतेच आकडे दाखवतो. वाटणी दिवसांप्रमाणे करावी: चार दिवस शिकवायला, पाचवा अख्खा दिवस तपासायला.

फ्रेम दर १५ सेकंदांनी एक घेतली. गाडी लावायला किंवा काढायला अर्धा-एक मिनिट लागतेच, त्यामुळे सेकंदाला पंचवीस फ्रेम्स तपासून हाती काही जास्त लागत नाही. कॅमेऱ्याच्या प्रवाहातून सावकाश वाचत बसले की न वाचलेल्या फ्रेम्स साठत जातात आणि काही वेळाने आपण मागचेच चित्र आत्ताचे म्हणून मोजत असतो. म्हणून प्रवाह अखंड वाचणारा वेगळा कार्यक्रम ठेवला:

```
ffmpeg -rtsp_transport tcp -i "$CAM_URL" -vf fps=1/15 \
  -q:v 2 -strftime 1 "%Y%m%d_%H%M%S.jpg"
```

फाइलच्या नावातली वेळ ही संगणकाच्या घड्याळाची आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ सरकते, त्यावर विसंबू नये.

आता मॉडेल प्रत्येक जागेसाठी ० ते १ मधला एक आकडा देते. तो ०.५ च्या वर गेला की भरलेली, खाली आला की रिकामी, असे लगेच ठरवले तर दिवसभर जागा लुकलुकत राहतात. माणूस चालत गेला, रस्त्यावरून गाडी सरकली, ढग आला की निकाल बदलतो. म्हणून प्रत्येक जागेला स्मरण दिले. ०.७ च्या वर गेला तरच 'भरलेली' कडे झुकायचे, ०.३ च्या खाली आला तरच 'रिकामी' कडे, मधल्या पट्ट्यात जुनाच निकाल धरायचा. शिवाय बदल सलग चार वेळा टिकला तरच मान्य करायचा.

```python
def update(s, p, blocked):
    s.unknown = blocked
    if blocked:
        s.pending = 0
        return
    want = True if p > 0.7 else False if p < 0.3 else s.full
    s.pending = s.pending + 1 if want != s.full else 0
    if s.pending == 4:
        s.full, s.pending = want, 0
```

चौथ्या वेळी बदल मान्य झाला तरी वेळ पहिल्या वेळेची नोंदवायची, नाहीतर प्रत्येक आगमन आणि प्रत्येक निर्गमन ४५ सेकंद उशिरा लागते.

या तुकड्यातला `blocked` हा तिसरा निकाल आहे: अज्ञात. तो नसेल तर काय होते याचे उदाहरण म्हणजे सामान उतरवणारा टेम्पो. सकाळी ११ वाजता ३ मीटर उंच टेम्पो क आणि ख मधल्या रस्त्यावर आडवा उभा राहिला, २५ मिनिटे. त्याची मागची कड १९.५ मीटरवर. दृष्टिरेषा ख च्या मध्यावर १.७७ मीटर उंचीवरून जाते, म्हणजे ख मधली साधी गाडी पूर्ण झाकली. ग च्या मध्यावर तीच रेषा ०.२ मीटरवर उतरते, म्हणजे ग मधल्या गाड्या टेम्पोच्या वरून दिसत राहतात. ख मधल्या चार जागा मात्र टेम्पोच्या पत्र्याने भरल्या आणि मॉडेलने चारही 'भरलेल्या' ठरवल्या. मॉडेलची चूक नाही, त्याला वाहनच दिसत होते.

हे ओळखायची खूण वेळेत आहे. चार गाड्या एकाच रांगेत, शेजारी-शेजारी, एकाच पंधरा सेकंदांत येऊन लागत नाहीत. म्हणून नियम केला: एकाच नमुन्यात सलग तीन किंवा अधिक जागा बदलाकडे झुकल्या, तर त्या सगळ्या अज्ञात. त्या गटातल्या निम्म्या जागा परत जुन्या बाजूला आल्या की अज्ञात उठवायचे. अर्ध्या तासात तसे झाले नाही तर ते चित्र माणसाने पाहायचे. याच जोडीला दुसरा नियम: एखाद्या जागेचा आकडा सलग पाच मिनिटे ०.३ ते ०.७ च्या मधेच घुटमळला, तर तीही अज्ञात.

दिवसाची चूक शोधण्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेले साधन म्हणजे एक पट्टी. उभ्या दिशेने ४६ ओळी, जागा ज्या क्रमाने रांगेत आहेत त्याच क्रमाने, आणि आडव्या दिशेने वेळ, दर नमुन्याला एक पिक्सेल. १३ तासांचे ३,१२० नमुने, म्हणजे अख्खा दिवस एका चित्रात मावतो. प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे मॉडेलचा कच्चा आकडा. खऱ्या गाड्या या पट्टीवर आडव्या, लांब, स्वच्छ कडांच्या पट्ट्यांसारख्या दिसतात आणि त्यांच्या सुरुवाती विस्कळीत असतात. जे काही उभ्या रेषेसारखे दिसते ते गाड्यांमुळे झालेले नसते. टेम्पो चार ओळींचा ठोकळा म्हणून दिसला. सकाळी साडेसातच्या आसपास सगळ्या ४६ ओळी एकदम फिकट झाल्या: पूर्वेकडे तोंड असल्याने उगवता सूर्य थेट लेन्समध्ये होता. त्यावर कॅमेऱ्याला लांब झडप लावली आणि प्रश्न बऱ्याच अंशी मिटला.

आणि दुपारी सव्वाचारनंतर पट्टीवर एक तिरकी रेघ दिसली. आधी क च्या ओळी, मग ख, मग ग. ही इमारतीची सावली. इमारत १२ मीटर उंच आहे. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना सावली २०.८ मीटरपर्यंत पोहोचते, म्हणजे ख च्या उंबरठ्यावर. सूर्य २० अंशांवर आला की ३३ मीटर, म्हणजे ख आणि ग दोन्ही सावलीत. सावलीची कड रांगांना समांतर असल्याने ती एका वेळी पूर्ण रांग कापते. ख च्या रिकाम्या जागेत अर्धे लख्ख डांबर आणि अर्धे काळे डांबर, मधे सरळ ठळक कड. मॉडेलच्या नजरेला तो गाडीचा टप असू शकतो.

त्याच वेळी कॅमेरा आपोआप उजेड जुळवत होता. चित्राचा निम्मा भाग सावलीत गेल्याने त्याने चित्र उजळ केले, आणि अजून उन्हात असलेली ग रांग जळून पांढरी पडली. ग मध्ये फक्त छते दिसतात हे आधी पाहिलेच. पांढऱ्या गाडीचे पांढरे छत, मागे उजळलेला रस्ता: गाडी गायब.

४:४० ला हाताने मोजणी झाली. प्रत्यक्षात ३४ जागा भरलेल्या, १२ मोकळ्या. यंत्रणेचा आकडाही ३४ आणि १२. तंतोतंत. पण हाताची मोजणी ४६ चौकोन छापलेल्या कागदावर, जागेगणिक केलेली होती, म्हणून खरे कळले: ख मधल्या चार रिकाम्या जागा भरलेल्या दाखवल्या होत्या आणि ग मधल्या चार पांढऱ्या गाड्या मोजल्याच गेल्या नव्हत्या. आठ जागा चुकल्या आणि बेरीज बरोबर आली. केवळ एकूण आकडा ताडून पाहणाऱ्याने या क्षणाला पूर्ण गुण दिले असते. वाहनतळाची तपासणी नेहमी जागेगणिक करावी, आणि दोन्ही दिशांच्या चुका वेगळ्या मोजाव्यात.

उपाय दोन झाले. कॅमेऱ्यात उजेड मोजण्याचे क्षेत्र सगळ्या चित्राऐवजी ख आणि ग पुरते बांधले आणि गडद-उजळ भाग एकत्र सांभाळणारी `WDR` सोय चालू केली. मग ४ ते ५:३० या वेळेतल्या, वेगवेगळ्या दिवसांच्या फ्रेम्स शिकवणीत घातल्या. सावलीची वेळ ऋतूप्रमाणे सरकते, त्यामुळे हे काम वर्षात काही वेळा पुन्हा करावे लागते. एवढे करूनही कड रांग ओलांडत असताना ख चे आकडे पंधरा मिनिटे मधल्या पट्ट्यात राहिले. तिथे अज्ञात हाच प्रामाणिक निकाल आहे.

आणखी एक धोका शांतपणे येतो. काच पुसताना कॅमेऱ्याला धक्का लागून चित्र १२ पिक्सेल सरकले. क मध्ये याने काही बिघडत नाही, घ मध्ये ती पाव जागा आहे. म्हणून दिव्याच्या खांबाचा पाया, भिंतीचा कोपरा आणि गटाराचे झाकण अशा तीन स्थिर खुणा रोज पहाटे शोधून मूळ जागेशी ताडल्या जातात, आणि ३ पिक्सेलपेक्षा जास्त सरकल्या तर सगळ्या चौकटी तितक्याच सरकवल्या जातात. अंधाराचे थोडक्यात सांगायचे तर कॅमेऱ्याचा अवरक्त उजेड ४० मीटरवरच्या घ पर्यंत पुरला नाही. रात्री ८ नंतरचे आकडे म्हणूनच घेतले नाहीत.

आता दिवसाचा हिशेब. ४६ जागा × ७८० मिनिटे = ३५,८८० जागा-मिनिटे. अज्ञात: टेम्पोमुळे ४ × २५ = १००, सावलीमुळे १२ × १५ = १८०, एकूण २८०. उरलेल्या ३५,६०० पैकी भरलेली २४,९२०, म्हणजे ७० टक्के. सगळी अज्ञात मिनिटे भरलेली धरली तर ७०.२ टक्के, सगळी रिकामी धरली तर ६९.५. दिवसाच्या सरासरीला या गोंधळाचा जेमतेम ओरखडा उमटतो. पण सावलीच्या त्या पंधरा मिनिटांत फलकावर बारा जागांचा निकाल अधांतरी असतो, आणि दारात उभ्या असलेल्या चालकाला दिवसाच्या सरासरीशी काही देणेघेणे नाही. म्हणून सरासरी काढताना अज्ञात मिनिटे भागाकारातून वगळली, आणि फलकावर मात्र अज्ञात जागा मोकळ्यांत धरली नाही. आत जाऊन जागा न मिळणे हे दारातून परत जाण्यापेक्षा जास्त त्रासाचे आहे.

सर्वाधिक गर्दीचा आकडाही जपून घ्यावा लागतो. एकेका नमुन्यातला कमाल आकडा घेतला तर तो नेहमी चुकीच्या क्षणाचा निघतो, कारण 'भरलेली' कडच्या चुका जिथे जमतात तिथेच शिखर दिसते. पाच मिनिटांच्या वीस नमुन्यांचा मध्यक काढून त्यातला कमाल घेतला. आणि एका जागेवर दिवसात किती गाड्या आल्या हा आकडा सर्वांत नाजूक: एक जागा चुकून पाच वेळा लुकलुकली की पाच खोट्या गाड्या जमा होतात आणि सरासरी मुक्काम घसरतो. दोन मिनिटांपेक्षा कमी काळ रिकामी झालेली जागा पुन्हा भरली, तर दोन्ही बाजूंच्या तुकड्यांतल्या गाडीचा रंग ताडून एकच मुक्काम धरला. दोन जागांवर आडवी लावलेली गाडी दोन्ही जागा भरलेल्या दाखवते. फलकासाठी ते बरोबर आहे, गाड्यांच्या मोजणीसाठी चूक. म्हणून शेजारच्या दोन जागा एकाच नमुन्यात भरल्या आणि एकाच नमुन्यात रिकाम्या झाल्या, तर जागा दोन आणि गाडी एक लिहिली जाते.